रजिस्टरमधून शीटमध्ये: एका नमुन्याला एक ओळ की एका नोंदीला एक ओळ?

हस्तलिखित रजिस्टर आहे तसेच चालू ठेवायचे आणि हिस्टोपॅथॉलॉजीच्या नमुन्यांच्या वेळा त्यातून एक्सेलच्या शीटमध्ये उतरवायच्या असे ठरले, की रचनेचे दोन पर्याय समोर येतात. पहिल्या रचनेत प्रत्येक नमुन्याला एक ओळ मिळते आणि नमुना काढल्याची, लॅबमध्ये पोहोचल्याची, प्रक्रियेची आणि रिपोर्टची वेळ त्याच ओळीत शेजारी-शेजारी बसते. दुसऱ्या रचनेत प्रत्येक घटनेला स्वतंत्र ओळ असते. नमुना आला, एक ओळ. ग्रॉसिंग झाले, दुसरी ओळ. रिपोर्टवर सही झाली, आणखी एक. क्रमांक, घटना, वेळ आणि नोंद करणाऱ्याची आद्याक्षरे एवढे चारच रकाने पुरतात, आणि शीट खाली-खाली वाढत जाते.

फोंड्याच्या बाजूच्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी या दोन्ही पद्धतींनी काम केले आहे. आमच्याकडे रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाचे नमुने येतात, तसेच सांगे, केपे, वाळपई अशा ठिकाणच्या लहान दवाखान्यांतूनही येतात. रक्ताच्या चाचण्यांबद्दल मी इथे काही म्हणत नाही, कारण तिथे सगळा हिशेब काही तासांत संपतो आणि बहुतेक वेळा यंत्रच देते. ऊतकाच्या नमुन्याचा प्रवास काही दिवस चालतो आणि त्यातला प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी हाताने लिहिला जातो, म्हणून रचनेचा प्रश्न तिथेच खरा जाणवतो.

आधी रजिस्टर प्रत्यक्षात काय देते ते पाहायला हवे, कारण त्यावर बरेच अवलंबून आहे. बहुतेक लॅबमधील रजिस्टरात क्रमांक, तारीख, नाव, वय, वॉर्ड किंवा डॉक्टर, नमुन्याचे वर्णन, ब्लॉकची संख्या आणि शेवटी रिपोर्ट नेणाऱ्याची सही असे रकाने असतात. तारीख पानावर एकदाच लिहिली जाते आणि तिच्याखाली ‘,,’ अशा खुणा उतरत जातात. वेळ असलीच तर ती पोहोचल्याची असते. नमुना शरीरातून कधी काढला हे रजिस्टरात नसते. ते असलेच तर नमुन्यासोबत आलेल्या फॉर्मवर असते. ग्रॉसिंगची वेळ ग्रॉसिंगच्या वहीत सापडते, टिश्यू प्रोसेसर कधी लावला ते यंत्राशेजारच्या नोंदपत्रकावर, आणि रिपोर्टवर सही झाल्याची वेळ टंकलेल्या रिपोर्टच्या तळाशी. म्हणजे ‘रजिस्टरवरून शीट भरणे’ हे नुसते उतरवून काढणे नाही. रजिस्टरशिवाय आणखी चार ठिकाणांहून वेळा गोळा करून त्या एकाच नमुन्याच्या नावावर लावणे आहे. माझा कल ज्या कारणाने एका बाजूला गेला, ते कारण याच जुळवणीत दडलेले आहे.

कागदावर पाहिले तर घटनांची शीट अधिक शास्त्रशुद्ध वाटते आणि ती तशी आहेही. तिच्यात कोणतीही वेळ पुसून तिच्या जागी दुसरी लिहावी लागत नाही. हाडाचा तुकडा आला, तो आम्लात ठेवून मऊ करावा लागला, त्यानंतर पुन्हा प्रोसेसरमध्ये गेला, स्लाइड पाहिल्यावर पॅथॉलॉजिस्टने ब्लॉक आणखी खोलवर कापून मागितला, तर यातली प्रत्येक गोष्ट एक नवी ओळ म्हणून येते आणि आधीच्या ओळी जशाच्या तशा राहतात. कोणत्या टप्प्यावर कोणाचा हात होता हेही समजते. मान्यतेसाठी तपासणीला आलेल्या परीक्षकासमोर अशी शीट ठेवताना आत्मविश्वास वाटतो. ज्यांना डेटाबेसची ओळख आहे त्यांना हीच रचना स्वाभाविक वाटेल, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

अडचण एकच आहे, पण ती रोजची आहे. या रचनेत सगळ्या ओळींना बांधून ठेवणारा धागा म्हणजे नमुन्याचा क्रमांक, आणि हस्तलिखित व्यवस्थेत तोच धागा सगळ्यांत कच्चा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे नमुना काढला जातो तेव्हा लॅबचा क्रमांक अस्तित्वातच नसतो. तो नमुना आमच्या टेबलावर येऊन रजिस्टरात चढल्यावर मिळतो. त्याआधी डबीवर असते ते रुग्णाचे नाव आणि त्या रुग्णालयाचा किंवा दवाखान्याचा नोंदणी क्रमांक. त्यामुळे घटनांच्या शीटमधली सगळ्यात पहिली ओळ, म्हणजे नमुना काढल्याची, एक तर रुग्णाच्या क्रमांकावर लिहावी लागते आणि नंतर लॅबच्या क्रमांकाशी जोडावी लागते, किंवा नमुना पोहोचल्यावर मागील वेळेने भरावी लागते. जोडणे सोपे वाटते, पण एकाच स्त्रीरुग्णाचे गर्भाशयाच्या आतील आवरणाचे क्युरेटिंग आणि गर्भाशयमुखाची बायोप्सी एकाच दिवशी दोन डब्यांतून येते. काही लॅब दोघांना दोन क्रमांक देतात, काही एकच क्रमांक देऊन डब्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतात. रुग्णाचा क्रमांक मात्र दोन्ही ठिकाणी तोच असतो, आणि कोणती वेळ कोणत्या डबीची हे शीट पाहून सांगता येत नाही. पुन्हा फॉर्म काढावा लागतो.

पुढे ग्रॉसिंगच्या टेबलावर क्रमांक पुन्हा बदलतो. तिथे कॅसेटवर पेन्सिलने ब्लॉकचा क्रमांक लिहिला जातो आणि वहीतही तोच उतरतो. रजिस्टरातला `H-1184/24` तिथे `1184 A1`, `1184 A2`, `1184 B1` असा तीन-चार तुकड्यांत विभागलेला असतो. एकाच नमुन्याची ओळख अशी तीन रूपांत फिरते: डबीवर रुग्णाचा क्रमांक, रजिस्टरात लॅबचा, कॅसेटवर ब्लॉकचा. एका नमुन्याला एक ओळ असलेल्या शीटमध्ये ही तिन्ही रूपे माणूस डोळ्यांनी एकदाच जुळवतो. घटनांच्या शीटमध्ये ती प्रत्येक घटनेला जुळवावी लागतात, आणि जुळवायचे काम शेवटी सूत्रावर सोपवले जाते, ज्याला `H-84/24`, `H84/24` आणि `H-084/24` हे तीन वेगळे नमुने वाटतात. क्रमांकाच्या शेवटी नकळत पडलेली एक मोकळी जागासुद्धा नवा नमुना तयार करते. क्रमांकाच्या आधी अक्षर नसेल तर आणखी एक त्रास होतो: वर्षाच्या सुरुवातीचा `8/24` हा क्रमांक टंकताच एक्सेल त्याची तारीख करून टाकते. तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठेवला नसेल तर पहिल्या बारा नमुन्यांचे क्रमांक असे बिघडतात.

हे बिघडले आहे हे ओळखायचे कसे? महिनाअखेरीस पिव्हट टेबल काढले, की काही नमुन्यांचे ग्रॉसिंग झालेले दिसते पण ते कधी आले याची नोंद नसते, आणि काही नमुने आलेले दिसतात पण त्यांचा रिपोर्ट निघालेला दिसत नाही. दोन्ही बहुधा एकाच नमुन्याचे तुटलेले भाग असतात. यातला दुसरा प्रकार जास्त त्रासाचा असतो, कारण तो नमुना प्रलंबित यादीत जाऊन बसतो. सकाळी वॉर्डमधून फोन येतो, शीट पाहून ‘अजून झालेला नाही’ असे उत्तर दिले जाते, आणि रिपोर्ट मात्र आदल्याच दिवशी सहीसकट गेलेला असतो.

अशा नोंदी निदान दिसतात तरी. जिथे चुकीचा क्रमांकही प्रत्यक्षात अस्तित्वात असतो, तिथे काहीच दिसत नाही. आमच्याकडे एक जण रजिस्टर वाचतो आणि दुसरा टंकतो, तशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ‘अकराशे एकोणसाठ’ ऐकून 1169 टंकले जाणे मराठीत फार सहज घडते, आणि 1169 हा त्या आठवड्यातलाच कोणाचा तरी खरा नमुना असतो. ड्रॉप-डाउन यादी लावली तरी ती हा क्रमांक आनंदाने स्वीकारते. अपेंडिक्सच्या ग्रॉसिंगची वेळ थायरॉइडच्या खात्यावर जमा होते आणि दोन्ही नमुन्यांचे हिशेब चुकतात, पण शीटमध्ये कुठेही लाल रंग उमटत नाही.

माझ्यापुरता निर्णय इथेच झाला. एका नमुन्याला एक ओळ असते तेव्हा वेळ भरणाऱ्याचे बोट त्या ओळीवर असते आणि त्याच ओळीत डावीकडे नाव आणि नमुन्याचे वर्णन दिसत असते. वाचणारा ‘अकराशे एकोणसाठ, अपेंडिक्स’ म्हणाला आणि समोर थायरॉइड दिसले, तर हात आपोआप थांबतो. घटनांच्या शीटमध्येही नावाचा रकाना जोडता येतो, हे मला मान्य आहे. पण मग तेच नाव चार-पाच वेळा टंकावे लागते किंवा सूत्राने आणावे लागते, आणि सूत्र चुकीच्या क्रमांकाचे नावही तितक्याच निष्ठेने आणते. ते नाव टंकल्यानंतर उजवीकडे कुठेतरी उमटते, तोपर्यंत नजर पुढच्या ओळीवर गेलेली असते.

एका ओळीची शीट प्रत्यक्षात कशी वागते ते एका नमुन्यावरून सांगतो. तारखा डिसेंबर २०२४ च्या घेतो, कारण गोव्यात त्या महिन्यात ३, १९ आणि २५ अशा तीन सुट्ट्या येतात आणि हिशेबाची खरी परीक्षा त्यातच होते. सांग्याच्या बाजूच्या दवाखान्यात सोमवारी, १६ तारखेला, सकाळी ११:४० वाजता पाठीवरची गाठ काढली. डबी मंगळवारी १७ तारखेला सकाळी १०:१५ वाजता आमच्याकडे पोहोचली. त्याच दिवशी दुपारी ३:३० ला ग्रॉसिंग झाले आणि संध्याकाळी कॅसेट रात्रभराच्या फेरीसाठी प्रोसेसरमध्ये गेल्या. बुधवारी सकाळी ब्लॉक बसवले, मायक्रोटोमवर कापले, रंगवले आणि दुपारी ४ वाजता स्लाइड पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर ठेवल्या. गुरुवारी १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन. शुक्रवारी २० तारखेला दुपारी १२:४५ वाजता रिपोर्टवर सही झाली.

D ते H या रकान्यांत अनुक्रमे काढल्याची, पोहोचल्याची, ग्रॉसिंगची, स्लाइड दिल्याची आणि सहीची वेळ असेल, तर लागणारी सूत्रे इतकीच आहेत:

```
=IF(COUNT(D2,E2)=2, E2-D2, "")
=IF(COUNT(E2,H2)=2, H2-E2, "")
=IF(COUNT(E2,H2)=2, NETWORKDAYS.INTL(E2,H2,11,$M$2:$M$20)-1, "")
```

पहिल्या सूत्राने २२ तास ३५ मिनिटे येतात, दुसऱ्याने ७४ तास ३० मिनिटे. तिसरे सूत्र फक्त रविवारची सुट्टी धरते आणि M रकान्यात आपण भरलेल्या सुट्ट्या वगळते. त्याचे उत्तर २ कामाचे दिवस असे येते. सर्जनच्या दृष्टीने सोमवारी सकाळी दिलेला नमुना शुक्रवारी दुपारी मिळाला, म्हणजे ९७ तास ५ मिनिटे लागली. लॅबच्या दृष्टीने दोन कामाचे दिवस लागले. दोघेही खरे बोलत असतात. त्या ९७ तासांतला जवळपास चौथा भाग डबी आमच्या दाराबाहेर असतानाच गेला होता, हे त्या एका ओळीवर बोट ठेवून दाखवता येते. घटनांच्या शीटमधूनही हेच आकडे निघतात, पण दोन वेळांतला प्रत्येक फरक काढायला दोन वेगवेगळ्या ओळी शोधून आणाव्या लागतात, आणि वाद चालू असताना समोरच्या माणसाला ते दाखवता येत नाही.

वजाबाकीच्या सेलचे रूप `[h]:mm` असे ठेवणे आवश्यक आहे. वरच्या नमुन्यात ग्रॉसिंगपासून स्लाइडपर्यंत २४ तास ३० मिनिटे गेली. साध्या `h:mm` रूपात तीच वेळ `0:30` अशी दिसते, आणि अर्ध्या तासात स्लाइड तयार झाल्याचा विक्रम शीटवर नोंदला जातो. सूत्रातल्या `COUNT` चे कारणही असेच आहे. काढल्याची वेळ रिकामी असताना नुसती वजाबाकी केली, तर एक्सेल रिकाम्या सेलला शून्य समजते आणि दहा लाखांहून जास्त तास दाखवते. हे अंतर निदान डोळ्यांत भरते. डोळ्यांत भरत नाही तो प्रकार वेगळा आहे: वेळ माहीत नाही म्हणून नुसती तारीख टंकली, तर एक्सेल ती त्या दिवसाची मध्यरात्र धरते. नमुना सकाळी ११ वाजता काढलेला असला तरी हिशेबात अकरा तास वाढतात आणि आकडा मात्र विश्वासार्ह दिसतो. म्हणून वेळ माहीत नसेल तर सेल रिकामा सोडावा, आणि महिनाअखेरीस `0:00` असलेल्या वेळा फिल्टर लावून तपासाव्यात. याउलट पोहोचल्याची वेळ काढल्याच्या वेळेच्या आधीची पडली तर सेलमध्ये `#####` दिसते. रकाना रुंद करूनही ते गेले नाही तर वेळ उलटी पडली आहे असे समजावे. बहुतेक वेळा दुपारचे ३:१० हे `15:10` ऐवजी `3:10` लिहिलेले असतात.

या सगळ्या सावधगिरी दोन्ही रचनांना लागू आहेत, त्यामुळे त्यांवरून तराजू झुकत नाही. एक मात्र एका ओळीच्या बाजूने जाते. पानभर ओळी एकाखाली एक दिसत असताना ग्रॉसिंगच्या रकान्यात सगळीकडे ३:३० किंवा ४:०० अशाच वेळा उतरल्या असतील, तर त्या दिवसाच्या शेवटी आठवणीने लिहिल्या गेल्या आहेत हे एका नजरेत समजते. घटना मिसळलेल्या शीटमध्ये हा प्रकार लपून राहतो.

स्तनाच्या नमुन्यांमुळे माझे मत आणखी पक्के झाले. हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू तपासायचे असेल तर ऊतक काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मेलिनमध्ये जायला हवे आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवे, असे मार्गदर्शन आहे. काणकोणच्या बाजूने शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता काढून फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला नमुना सोमवारी सकाळी आमच्याकडे आला आणि संध्याकाळी ५:३० ला प्रोसेसरच्या फेरीत गेला, तर ७१ तास ३० मिनिटे होतात, आणि प्रोसेसरच्या पहिल्या टप्प्यांतही फॉर्मेलिनच असते. म्हणजे मर्यादा तिथेच ओलांडली जाते. अशा नमुन्यांसाठी मी त्याच ओळीत फॉर्मेलिनमध्ये ठेवल्याची आणि प्रोसेसर लावायची ठरलेली वेळ असे दोन जादा रकाने ठेवतो, आणि फरक ६० तासांवर गेला की सेलचा रंग बदलतो. सोमवारी सकाळी डबी नोंदवतानाच हे दिसते, आणि ते नमुने दुपारी वेगळे काढून लहान फेरीत घालायचे की नाही, हे पॅथॉलॉजिस्टला वेळेवर विचारता येते. फॉर्मवर काढल्याची वेळ लिहिलेली नसेल तर याचा काहीच उपयोग होत नाही. त्यासाठी दवाखान्यातील परिचारिकेला फोन करून वेळ विचारणे आणि ती ‘फोनवर मिळाली’ असे शेऱ्यात लिहिणे एवढेच हातात असते.

आता एका ओळीच्या रचनेची खरी दुबळी बाजू. टप्पा दुसऱ्यांदा झाला तर त्याला जागा नाही. मांडीच्या हाडाचे डोके फॉर्मिक आम्लात काही दिवस राहते, मग पुन्हा कापून प्रोसेसरमध्ये जाते. स्लाइड पाहिल्यावर खोल काप मागवले जातात. कधी ब्लॉक इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी बाहेर जातो आणि पुरवणी रिपोर्ट पुढच्या आठवड्यात निघतो. अशा वेळी टंकणाऱ्याला आधीची वेळ पुसून नवी लिहिण्याचा मोह होतो, आणि तसे झाले की पहिल्या फेरीचा पुरावा जातो. यावर आमच्याकडे दोन नियम आहेत. एकदा भरलेली वेळ बदलायची नाही. स्लाइडचा रकाना कायम पहिल्या स्लाइडचा आणि रिपोर्टचा रकाना पहिल्या सहीचाच राहतो. दुसरे म्हणजे ‘विलंबाचे कारण’ या रकान्यात ठरलेल्या शब्दांपैकीच एक निवडायचा: डीकॅल्सिफिकेशन, अपुरे फिक्सेशन, खोल काप, विशेष रंग, बाहेर पाठवलेली तपासणी, माहितीची वाट. महिन्याचा मध्यक काढताना डीकॅल्सिफिकेशनचे नमुने गाळून वेगळे पाहायचे, कारण हाड आणि पॉलिप यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही.

पुरवणी रिपोर्ट आणि बाहेर गेलेले ब्लॉक यांच्यासाठी मी त्याच फाइलमध्ये दुसरे पान ठेवले आहे, आणि ते पान मात्र घटनांच्या पद्धतीचे आहे. तिथे ओळी थोड्या असतात, क्रमांक आधीच मिळालेला असतो, आणि जुळवणी हाताने करता येते. म्हणजे घटनांची रचना मी टाकून दिलेली नाही. ती जिथे पेलते तेवढ्याच जागेत ठेवली आहे. तरीही एक उणीव राहते ती सांगायला हवी: दुसऱ्यांदा ग्रॉसिंग कोणी केले, खोल काप कोणी कापले, हे मुख्य शीटवरून समजत नाही. तेवढ्यासाठी वही उघडावी लागते.

त्यामुळे आपल्या लॅबमध्ये इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री तिथल्या तिथे होत असेल, एकाच ब्लॉकचे अनेक फेरे रोजचे असतील, किंवा डबीवर आणि कॅसेटवर बारकोड छापून प्रत्येक टेबलावर तो वाचण्याची सोय असेल, तर आपण घटनांची शीट घ्यावी असे मला वाटते. बारकोड आला की क्रमांक माणसाने टंकायचा राहत नाही आणि माझी मुख्य तक्रारच संपते. पण डबीवर हाताने लिहिलेले लेबल, कॅसेटवर पेन्सिल आणि रजिस्टर वाचून दाखवणारा सहकारी अशी व्यवस्था असेल, तर एका नमुन्याला एक ओळ ठेवावी, अशी माझी शिफारस आहे. नमुना रजिस्टरात चढतो त्याच क्षणी ती ओळ उघडावी, काढल्याची वेळ फॉर्मवरून तिथल्या तिथे भरावी, आणि बाकीच्या वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॉसिंगची वही आणि प्रोसेसरचे पत्रक समोर ठेवून भराव्यात.

वेळ भरताना `Ctrl+Shift+;` ही सोयीची कळ मोहात पाडते, पण ती आपण टंकत आहोत ती वेळ देते, नमुन्याची नव्हे. आणि `NOW()` तर फाइल उघडली की स्वतःच बदलते. वेळ वहीत असेल तीच टंकावी, तारखेसकट आणि चोवीस तासांच्या रूपात, `17-12-2024 10:15` अशी. वहीतल्या ‘,,’ खुणांखाली तारीख कुठे बदलली हे मात्र टंकणाऱ्याने पान उलटण्याआधी पाहून घ्यावे, कारण सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी ती खूण सवयीने तशीच खाली ओढलेली असते.